सत्ता कशासाठी? सुरक्षेसाठी की वर्चस्वासाठी?

१९०७ च्या जानेवारी महिन्यात जर्मनीच्या कील बंदरात एक अफवा पसरली. 'फिशर येतोय' एवढीच ती अफवा होती. सर जॉन फिशर हे तेव्हा ब्रिटिश नौदलाचे प्रमुख होते आणि ते आपले आरमार घेऊन अचानक येतील व बंदरात उभे असलेले जर्मन नौदल युद्ध जाहीर होण्यापूर्वीच बुडवून टाकतील, अशी भीती लोकांना वाटू लागली. अनेक पालकांनी मुलांना शाळेत पाठवले नाही. बर्लिनच्या शेअर बाजारातही चलबिचल झाली. फिशर अर्थातच आले नाहीत.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील आयर क्रो या अधिकाऱ्याने एक प्रदीर्घ टिपण आपल्या वरिष्ठांपुढे ठेवले होते. विषय होता फ्रान्स आणि जर्मनी यांच्याशी असलेल्या ब्रिटनच्या संबंधांचा. कीलमधील पालकांना ब्रिटनची भीती वाटत होती, तर क्रो यांना जर्मनीची. दोघांच्याही भीतीचे मूळ एकाच वस्तूत होते. ती वस्तू म्हणजे उत्तर समुद्राच्या काठी आकार घेत असलेले जर्मनीचे नवे आरमार.

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांमध्ये गेली तीन-साडेतीन दशके 'आक्रमक वास्तववाद' आणि 'बचावात्मक वास्तववाद' असा जो वाद सुरू आहे, तो समजून घ्यायला या टिपणाइतके सोयीचे दुसरे ठिकाण नाही. हे शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी क्रो आणि त्यांचे टीकाकार यांनी तो वाद एका खऱ्या प्रश्नावर, खऱ्या जोखमीसह घालून दाखवला होता.

क्रो यांचा जन्म १८६४ चा, लाइपझिगचा. आई जर्मन, पत्नीही जर्मन. त्यामुळे जर्मनीविषयीच्या अज्ञानातून त्यांनी काही लिहिले, असे म्हणता येत नाही. त्यांनी आधीच्या वीसेक वर्षांतील जर्मन मागण्या, धमक्या आणि तंटे यांची जंत्री मांडली आणि या वर्तनाचे दोन अर्थ संभवतात, असे म्हटले. पहिला अर्थ असा की, जर्मनी युरोपवर आणि पुढे समुद्रावरही वर्चस्व मिळवण्याच्या निश्चित हेतूने पावले टाकत आहे. दुसरा असा की, त्यामागे कोणतीही सुसंगत योजना नाही. वाढत्या सामर्थ्याचा एक देश आपला वाजवी प्रभाव वाढवू पाहतो आहे आणि त्याचे राज्यकर्ते गोंधळलेले आहेत. मात्र यांपैकी खरा अर्थ कोणता, हे ठरवण्याची ब्रिटनला गरजच नाही, हा क्रो यांच्या टिपणातील सर्वांत धारदार मुद्दा आहे. दुसरा अर्थ खरा असला तरी त्या मार्गाने जर्मनीला जे सामर्थ्य मिळेल, ते उद्या पहिल्या हेतूसाठी वापरता येईलच. हेतू बदलतो, सामर्थ्य मात्र हाती राहते. तेव्हा ब्रिटनने भांडण उकरून काढू नये, परंतु सामर्थ्यात तसूभरही मागे राहू नये.

परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांना हे टिपण महत्त्वाचे वाटले आणि त्यांनी ते पंतप्रधान व काही ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे पाठवले. परंतु खात्याच्या सर्वोच्च पदावरून नुकतेच निवृत्त झालेले सर थॉमस सँडरसन यांना ते अन्यायाचे वाटले. फेब्रुवारीत त्यांनी उत्तर लिहिले. क्रो यांनी सांगितलेल्या प्रसंगांपैकी अनेकांत जर्मनीचीही काही बाजू होती, जर्मनी हा उशिरा एकसंध झालेला देश असून जगात आपल्याला जागा मिळावी असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी वापरलेली उपमा फार बोलकी आहे. परक्या माणसाला ब्रिटिश साम्राज्य हे संधिवाताने सुजलेली बोटे पृथ्वीभर पसरून पडलेल्या एखाद्या राक्षसासारखे दिसत असेल. कोणीही जरा जवळ गेले की तो किंचाळतो!

एकच देश आणि एकच पुरावा, पण वाचने दोन. विद्यापीठीय सिद्धांत पुढे याच दोन वाचनांभोवती उभे राहिले.

सुरक्षेचा पेच

दोन्ही पंथांची सुरुवात एकाच गृहीतकापासून होते. राष्ट्रांच्या वर पोलिस नाही आणि न्यायालयाचा निकाल बजावणारा बेलिफही नाही. संकटात सापडलेल्या देशाने कुठे धाव घ्यावी, याला खात्रीचे उत्तर नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःची काळजी स्वतः वाहायची. अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थितीला 'अराजक' म्हटले. अराजक म्हणजे दंगाधोपा नव्हे. वरचढ सत्तेचा अभाव एवढाच त्याचा अर्थ. राष्ट्रे युद्धे करतात ती त्यांचे राज्यकर्ते दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर या रचनेत सज्जनालाही हत्यार जवळ ठेवावे लागते म्हणून, हा वास्तववादाच्या या शाखेचा गाभा आहे.

प्रश्न पुढे येतो. हत्यार किती ठेवायचे?

वॉल्ट्झ यांचे उत्तर संयमाचे आहे. देशाची पहिली चिंता सत्ता कमाल करण्याची नसते, तर आपले स्थान टिकवण्याची असते. प्रमाणाबाहेर बलाढ्य होऊ पाहणाऱ्याविरुद्ध इतर एकत्र येतात आणि तो पूर्वीपेक्षाही असुरक्षित होतो. याच धारणेला पुढे बचावात्मक वास्तववाद असे नाव पडले. 'आक्रमक' आणि 'बचावात्मक' अशी विभागणी जॅक स्नायडर यांनी १९९१ मधील आपल्या पुस्तकात केली.

या पंथाच्या मुळाशी असलेली कल्पना आणखी जुनी आहे. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये तिला 'सुरक्षेचा पेच' असे नाव दिले. एकाने स्वतःच्या रक्षणासाठी भिंत उंच केली की शेजाऱ्याला ती तटबंदी वाटते. तोही आपली उंच करतो. शेवटी दोघांचाही खर्च होतो आणि झोप दोघांचीही उडते. रॉबर्ट जर्विस यांनी १९७८ मध्ये या कल्पनेला महत्त्वाची जोड दिली. त्यांच्या मते हा पेच सदासर्वकाळ सारखाच तीव्र नसतो. हल्ला करणे सोपे आहे की बचाव करणे, आणि बचावाची साधने हल्ल्याच्या साधनांपासून वेगळी ओळखता येतात की नाही, या दोन गोष्टींवर त्याची तीव्रता ठरते. सीमेवरचा किल्ला चालत जाऊन शेजाऱ्यावर हल्ला करत नाही. त्यामुळे किल्ले बांधणारा देश आपला हेतू न बोलता सांगत असतो. युद्धनौकेचे तसे नाही. ती आपल्या किनाऱ्याचे रक्षण करते तशीच दुसऱ्याच्या किनाऱ्याची कोंडीही करते.

टिरपित्झ यांचा हिशेब

जर्मन आरमाराची कहाणी इथे तपशिलाने पाहण्यासारखी आहे. जर्मनीचे नौदलमंत्री आल्फ्रेड फॉन टिरपित्झ यांनी १८९८ मध्ये जर्मन संसदेकडून १९ मोठ्या युद्धनौकांचा कायदा मंजूर करून घेतला. दोनच वर्षांत, १९०० मध्ये, दुसऱ्या कायद्याने हा आकडा ३८ वर गेला. ब्रिटिश आरमाराची बरोबरी करणे अशक्य आहे, हे टिरपित्झ यांना ठाऊक होते. त्यांचा हिशेब वेगळा होता. जर्मन आरमार जिंकण्याइतके मोठे असण्याची गरज नाही. ते एवढे असावे की त्याला बुडवताना ब्रिटनचे स्वतःचेच इतके नुकसान व्हावे की पुढे फ्रान्स वा रशियाच्या आरमारापुढे त्याचा टिकाव लागू नये. हे ओळखून ब्रिटन जर्मनीच्या वाटेला जाणार नाही, उलट सवलती देईल. या हिशेबाला 'जोखमीचा सिद्धांत' असे म्हटले गेले.

कागदावर हे चोख होते. पण त्यात दोन गोष्टी न सांगता गृहीत धरल्या होत्या. ब्रिटनचे फ्रान्स आणि रशियाशी असलेले वैर कायम राहील, ही एक. आणि जर्मनी बांधत असताना ब्रिटन स्वस्थ बसेल, ही दुसरी. पहिले गृहीतक १९०४ मध्ये डळमळले. त्या वर्षी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वसाहतींचे जुने तंटे मिटवले. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांनीही इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटविषयी करार केला. ज्या तिसऱ्या आरमाराची भीती ब्रिटनला घालायची होती, ते आता शत्रूचे राहिलेच नव्हते.

दुसरे गृहीतक १९०६ मध्ये कोसळले. त्या वर्षी फेब्रुवारीत 'ड्रेडनॉट' ही ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली. तिच्यावर १२ इंची नळीच्या दहा तोफा होत्या आणि वाफेच्या टर्बाइनमुळे ती २१ नॉट वेगाने धावत होती. तिच्यापुढे जगातील सर्व जुन्या युद्धनौका एका दिवसात कालबाह्य ठरल्या, ब्रिटनच्या स्वतःच्याही. त्यामुळे शर्यत जवळजवळ नव्याने सुरू झाली. जर्मनीनेही तशाच नौका बांधायला घेतल्या, तेव्हा त्या जाण्यासाठी कील कालवा रुंद करण्याची वेळ आली. तो १९१४ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये मोठीच घबराट उडाली. जर्मनी गुपचूप बांधणी वेगाने करत आहे, अशी शंका संसदेत व्यक्त झाली. विन्स्टन चर्चिल यांनी नंतर या प्रसंगाचे जे वर्णन केले, ते प्रसिद्धच आहे: नौदलाने सहा नौका मागितल्या, काटकसरवाल्यांनी चार देऊ केल्या आणि तडजोड आठांवर झाली. जर्मन नौकांची संख्या प्रत्यक्षात त्या वेळच्या भाकितांच्या बरीच खाली राहिली. पण आठ नौकांची आज्ञा निघून गेली होती.

बचावात्मक वास्तववादी हा सारा प्रकार आपल्या सिद्धांताचे नमुनेदार उदाहरण म्हणून पुढे करतात. जर्मनीने सामर्थ्य वाढवले आणि सुरक्षा गमावली. ज्या ब्रिटनशी त्याची सीमाही लागत नव्हती, त्याला त्याने आपल्या दोन शेजाऱ्यांच्या बाजूला ढकलले. चार्ल्स ग्लेझर या अभ्यासकाच्या मते जर्मनीसाठी आरमार न बांधणे हेच अधिक शहाणपणाचे धोरण ठरले असते.

इथे एक साधी शंका येते. हे इतके चुकीचे होते, तर जर्मनीने ते केले कशाला? स्नायडर याचे उत्तर बर्लिनच्या अंतर्गत राजकारणात शोधतात. कारखानदारांना पोलादाची मागणी हवी होती, जमीनदारांना धान्यावर आयातकर हवा होता. एकाने आरमाराला पाठिंबा द्यायचा, दुसऱ्याने आयातकराला. असा देवघेवीचा सौदा झाला आणि तो लोकांच्या गळी उतरवण्यासाठी साम्राज्याच्या स्वप्नांचा प्रचार झाला. नौदलाच्या प्रचारासाठी १८९८ मध्येच एक मोठी संघटना उभी राहिली होती. पुढे या प्रचारावर प्रचार करणाऱ्यांचाच विश्वास बसला. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण त्याची किंमतही लक्षात घ्यायला हवी. राष्ट्रे रचनेच्या दबावाखाली वागतात, असे सांगणाऱ्या सिद्धांताला आपले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण समजावताना रचना सोडून घराच्या आत शिरावे लागते.

'पुरेसे' म्हणजे किती?

नेमके याच जागी शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर आपला हल्ला चढवतात. त्यांचे २००१ मधील पुस्तक हे आक्रमक वास्तववादाचे प्रमाण मांडणीचे पुस्तक मानले जाते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. दुसऱ्याचा आजचा हेतू खात्रीने कळत नाही. उद्याचा तर नाहीच. दहा वर्षांनी शेजारी किती बलाढ्य असेल, हेही सांगता येत नाही. मग 'सुरक्षेला पुरेशी सत्ता' हा आकडा काढायचा कसा? तो निघत नसल्यामुळे सुजाण राज्यकर्ता संधी मिळेल तेव्हा सत्ता वाढवतच जातो आणि आपल्या खंडात कोणी प्रतिस्पर्धीच उरणार नाही, अशा स्थितीचे लक्ष्य ठेवतो.

मिअरशायमर यांच्या मते राष्ट्रांना सुरक्षा नको असते आणि सत्ता हवी असते, असा याचा अर्थ नव्हे; हा गैरसमज वारंवार होतो. दोन्ही पंथांत राष्ट्राला हवी असते ती सुरक्षाच. एक पंथ म्हणतो, सत्तेची हाव सुरक्षा घालवते; दुसरा म्हणतो, वर्चस्व हीच सर्वांत भक्कम सुरक्षा आहे. अमेरिकेचे उदाहरण ते आवर्जून देतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने आपल्या गोलार्धात एकही तुल्यबळ सत्ता उरू दिली नाही आणि आज तिला कॅनडा किंवा मेक्सिकोकडून आक्रमणाची भीती नाही. ती स्थिती संयमातून आली नाही.

सारे जग मात्र कोणालाच जिंकता येत नाही, कारण आड समुद्र येतो. पाणी सैन्याला थोपवते, यावर मिअरशायमर यांचा मोठा भर आहे. एका महासत्तेने दुसरीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवून तो देश जिंकणे जवळजवळ अशक्य असते.

मग जर्मनीचे काय? या दृष्टीने पाहिले तर क्रो यांचे दोन अर्थ खरोखरच निरर्थक ठरतात. युरोपातील सर्वांत प्रबळ सैन्य आणि वेगाने वाढणारा उद्योग असलेला देश भोवती दोन शत्रू असताना अधिकाची मागणी करणारच. कैसर विल्हेल्म यांच्याऐवजी कोणी शांत स्वभावाचा सम्राट असता, तरी दिशा तीच राहिली असती. ब्रिटननेही तिला विरोध केला असता, कारण युरोप एका सत्तेच्या हाती जाणे त्याला कधीच परवडणारे नव्हते.

हे वाचताना पटत जाते. पण एक वर्ष आडवे येते, १९०५. त्या वर्षी रशिया जपानकडून पराभूत झाला होता आणि आत क्रांतीने होरपळत होता. फ्रान्स एकटा जर्मनीपुढे टिकणारा नव्हता आणि ब्रिटनचे युरोपच्या भूमीवर लढण्याजोगे मोठे सैन्य नव्हते. वर्चस्वाची इतकी चांगली संधी जर्मनीला पुन्हा येणार नव्हती. तरीही त्याने मोरोक्कोच्या प्रश्नावर दमदाटी केली आणि युद्ध टाळले. आपल्या सिद्धांतानुसार जर्मनीने तेव्हा युद्ध करायला हवे होते, हे मिअरशायमर यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात प्रांजळपणे मान्य केले आहे. मग नऊ वर्षांनी, रशिया सावरलेला असताना आणि ब्रिटन विरोधात असताना, तो देश युद्धात उतरला. दोन्ही सिद्धांतांना ही गाठ पूर्णपणे सुटत नाही.

बर्लिनमधील बोलणी

पेचातून बाहेर पडण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. १९१२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॉल्डेन बर्लिनला गेले. जर्मनीने नौकाबांधणी आवरावी, ही ब्रिटनची इच्छा होती. त्याच्या मोबदल्यात, युरोपात युद्ध झाल्यास ब्रिटन तटस्थ राहील असे वचन जर्मनीला हवे होते. जर्मनीवर चिथावणीविना होणाऱ्या हल्ल्यात सामील होणार नाही, एवढेच म्हणायला ब्रिटन तयार होता. बोलणी फिसकटली.

या मागणीकडे पाहण्याच्या दोन्ही रीती वाचकाने स्वतः तपासून पाहाव्यात. दोन बाजूंनी वेढलेल्या देशाला निदान तिसरा शत्रू नको होता, असे सँडरसन म्हणाले असते. तटस्थतेचे वचन मिळताच जर्मनी फ्रान्सला चिरडायला मोकळा झाला असता, असे क्रो यांनी म्हटले असते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि त्यातच या पेचाचे क्रौर्य आहे.

त्याच सुमारास चर्चिल यांनी ग्लासगोच्या भाषणात ब्रिटनला आरमार ही गरज आहे, तर जर्मनीला ती बहुतांशी चैन आहे, असे विधान केले आणि जर्मनीत संतापाची लाट उसळली. शब्द झोंबणारा होता, पण त्यामागचा भेद जर्विस यांच्या कसोटीला उतरणारा आहे. अन्नासाठी समुद्रावर अवलंबून असलेल्या बेटाचे आरमार गेले तर ते बेट उपाशी मरेल. जर्मनीचे आरमार गेले तरी त्याचे भूदल शाबूत राहील. शिवाय जर्मन युद्धनौका लांबच्या सफरींसाठी नव्हे, तर उत्तर समुद्राच्या आसपास लढण्यासाठी घडवलेल्या होत्या. त्यामुळे त्या वसाहतींच्या रक्षणासाठी आहेत, हे म्हणणे लंडनमध्ये कोणी मानले नाही. हेतू ओळखण्याची खूण इंजिनात आणि कोळशाच्या कोठारात असते, ती भाषणात नसते. आणि खूण बरोबर वाचली गेली होती: ब्रिटन हाच सर्वांत धोकादायक सागरी शत्रू आहे, असे टिरपित्झ यांनी १८९७ मध्येच आपल्या अंतर्गत टिपणात लिहून ठेवले होते.

पण म्हणून क्रो यांचा पहिला अर्थ सिद्ध होतो, असेही नाही. जर्मन दफ्तरे पुढे खुली झाली, तेव्हा त्यांत विश्ववर्चस्वाच्या सरळ आराखड्यापेक्षा सम्राट, चान्सलर, नौदल आणि भूदल यांची परस्परविरोधी ओढाताणच अधिक दिसली. एवढ्या खर्चाने उभे केलेले ते आरमार महायुद्धात बहुतेक काळ बंदरातच राहिले. १९१६ ची जटलंडची लढाई हा त्याला मोठा अपवाद. २१ जून १९१९ रोजी स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो येथे नजरकैदेत असलेली ५२ जहाजे जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवली.

पुन्हा तेच टिपण

क्रो यांचे टिपण अभ्यासकांपुरते राहिले नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी चीनवरील आपल्या २०११ मधील पुस्तकाचा समारोप करताना तेच टिपण पुन्हा बाहेर काढले. चीनचे सामर्थ्य वाढते आहे एवढ्यावरून संघर्ष अटळ मानला तर मुत्सद्देगिरीला जागाच उरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मिअरशायमर यांनी मात्र दशकभर आधीच, २००१ मध्ये, चीन श्रीमंत होत गेला तर तो आशियात तेच करील जे अमेरिकेने आपल्या गोलार्धात केले, असे लिहून ठेवले होते. चीनच्या वाढीला अमेरिका मदत करत होती त्या काळात हे मत एकाकी होते. आज वॉशिंग्टनमध्ये ते तसे राहिलेले नाही.

दोन्ही पंथांच्या सल्ल्यातील अंतर तैवानच्या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट दिसते. २०११ मध्येच ग्लेझर यांनी सुचवले की, प्रशांत महासागर आणि अण्वस्त्रे यांमुळे अमेरिका मुळातच सुरक्षित आहे. तेव्हा तैवानला दिलेले अभिवचन मागे घेण्याचा विचार तिने करावा, म्हणजे चीनची मोठी भीती कमी होईल. आक्रमक वास्तववादी विचारतो, तैवान मिळाल्यावर चीनची भूक शमेल हे कशावरून? ग्लेझर म्हणतात, चीनचे हेतू काही अंशी त्याला आपण किती घाबरवतो यावर ठरतात.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. हिंदी महासागरात चिनी पाणबुडी दिसली की ती चीनच्या तेलवाहू जहाजांच्या रक्षणासाठी आहे की भारताला वेढण्यासाठी, असा प्रश्न दिल्लीत विचारला जातो. चीनचे बरेचसे तेल याच समुद्रातून जाते, ही गोष्ट खरी आहे. ज्या पाणबुडीने ते तेल राखता येते, तिनेच दुसऱ्याचे अडवताही येते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.